शंभरच का? विद्यार्थी सर्वेक्षणाची सॅम्पल साइज कशी काढायची

प्रोजेक्ट रिपोर्टच्या तिसऱ्या प्रकरणात 'या अभ्यासासाठी १०० विद्यार्थ्यांचं सॅम्पल घेतलं' असं एक वाक्य हमखास असतं, आणि व्हायव्हात परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात: शंभरच का? यावर 'आधीच्या बॅचनेही शंभरच घेतले होते' हे उत्तर खरं असलं तरी चालत नाही. आकडा कुठून आला हे सांगता आलं पाहिजे. त्यामागचं गणित चार ओळींचं आहे. त्या चार ओळींत काय भरायचं, हे ठरवताना मात्र डोकं लावावं लागतं.

आपण एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवू. एका कॉलेजात १८०० विद्यार्थी आहेत. त्यांतल्या किती टक्के मुलांनी गेल्या सात दिवसांत ग्रंथालयाचा वापर केला, हे शोधायचं आहे. प्रत्येकाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं असेल आणि शेवटी आपल्याला एक टक्केवारी मिळेल. पुढचं सगळं गणित अशा टक्केवारीच्या प्रश्नासाठी आहे. 'रोज सरासरी किती मिनिटं वाचता?' असा प्रश्न असेल तर सूत्र वेगळं लागतं, कारण तिथे मिनिटांमधला चढउतार किती आहे याचा आधी अंदाज असावा लागतो.

आधी दोन गोष्टींची गल्लत सोडवू

मार्जिन ऑफ एरर म्हणजे आपलं उत्तर खऱ्या उत्तरापासून किती सरकलेलं चालेल. सर्वेक्षणात ५८ टक्के 'हो' आले आणि मार्जिन ५ टक्के असेल, तर आपण म्हणतो की सगळ्या कॉलेजचा खरा आकडा ५३ ते ६३ टक्क्यांच्या दरम्यान असावा. हे पाच टक्के वर आणि पाच टक्के खाली असतात, म्हणजे पट्टा एकूण दहा टक्क्यांचा होतो. हे विसरून बरेच जण नंतर ५५ आणि ५८ मधल्या फरकावर पानभर चर्चा लिहितात.

कॉन्फिडन्स लेव्हल म्हणजे हा पट्टा काढण्याच्या पद्धतीवर किती भरवसा ठेवायचा. याच कॉलेजातून, याच पद्धतीने, तेवढ्याच मुलांचं सॅम्पल शंभर वेळा नव्याने काढलं आणि दरवेळी असा पट्टा मांडला, तर सुमारे ९५ वेळा खरा आकडा त्या पट्ट्यात सापडेल. ९५ टक्के कॉन्फिडन्सचा अर्थ एवढाच. आपलं एक सॅम्पल त्या ९५ पैकी आहे की उरलेल्या पाचांपैकी, हे आपल्याला कधीच कळत नाही.

आता गल्लत कुठे होते ते पाहा. '९५ टक्के कॉन्फिडन्स, म्हणून ५ टक्के एरर' असं लिहिलेले रिपोर्ट मी इतके पाहिलेत की आता ते वाक्य शोधावंही लागत नाही, आपोआप दिसतं. ९५ आणि ५ यांची बेरीज शंभर होते हा निव्वळ योगायोग आहे. ९५ टक्के कॉन्फिडन्ससोबत मार्जिन ३ टक्के ठेवता येतं, १० टक्केही ठेवता येतं. पट्टा किती रुंद हवा हा एक निर्णय, आणि त्याच्यावर किती भरवसा हवा हा दुसरा. दोन्ही स्वतंत्रपणे घ्यायचे आणि दोन्हींची कारणं रिपोर्टमध्ये वेगवेगळी लिहायची.

सूत्रात काय काय जातं

हे सूत्र कॉक्रनच्या नावाने ओळखलं जातं:

```
n0 = z² × p × (1 − p) / e²
```

n0 म्हणजे किती जणांचं सॅम्पल लागेल तो आकडा. e म्हणजे मार्जिन, दशांशात लिहिलेलं. ५ टक्क्यांचे ०.०५.

z हा कॉन्फिडन्स लेव्हलवरून ठरणारा आकडा. तो पाठ करायला हरकत नाही, कारण तीनच किमती लागतात: ९० टक्क्यांना १.६४५, ९५ ला १.९६ आणि ९९ ला २.५७६. वेगळी लेव्हल हवी असेल तर स्प्रेडशीटमध्ये `=NORM.S.INV(1-(1-0.95)/2)` लिहून ०.९५ च्या जागी आपला आकडा टाकावा.

p जरा विचित्र आहे. p म्हणजे 'हो' म्हणणाऱ्यांचं प्रमाण, म्हणजे जे शोधायला आपण निघालोय तेच. ते आधीच माहीत असतं तर सर्वेक्षण कशाला केलं असतं? यातून सुटका अशी की p × (1 − p) हा गुणाकार p ०.५ असताना सर्वांत मोठा येतो, ०.२५. p ०.४ घेतला तर ०.२४, ०.३ घेतला तर ०.२१, ०.२ घेतला तर ०.१६. म्हणून काहीच अंदाज नसेल तेव्हा ०.५ घ्यायचा. त्याने सॅम्पल गरजेपेक्षा थोडं मोठं निघेल, पण कमी पडणार नाही.

आधीच्या एखाद्या भरवशाच्या सर्वेक्षणात प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आलं असेल, तर ९५ टक्के कॉन्फिडन्स आणि ५ टक्के मार्जिनसाठी p ०.५ घेऊन येणारं ३८५ चं सॅम्पल ०.२ वापरून २४६ वर आणता येतं. यात एक सापळा आहे. शोधायची गोष्टच दुर्मीळ असेल, समजा ५ टक्के मुलं करतात अशी, तर p ०.०५ आणि e ०.०५ टाकल्यावर उत्तर अवघं ७३ येतं. ७३ फॉर्मांत काम होणार म्हणून आनंद होतो, पण त्यातून मिळणारा पट्टा शून्य ते दहा टक्के इतका पसरलेला असतो. म्हणजे 'कोणीच करत नाही' इथपासून 'दहातला एक जण करतो' इथपर्यंत काहीही. दुर्मीळ गोष्टीसाठी मार्जिनही तसंच बारीक घ्यावं लागतं, एक-दोन टक्क्यांचं.

आपल्या ग्रंथालयाच्या प्रश्नात अंदाज नाही, म्हणून p ०.५ घेऊ. कॉन्फिडन्स ९५ टक्के, मार्जिन ५ टक्के.

```
n0 = 1.96² × 0.5 × 0.5 / 0.05²
   = 3.8416 × 0.25 / 0.0025
   = 384.16
```

माणसं अपूर्णांकात मिळत नाहीत आणि सॅम्पल साइज नेहमी वरच्या पूर्णांकात न्यायची असते, म्हणून ३८५. हा तोच आकडा जो शेकडो शोधनिबंधांत दिसतो. काही ठिकाणी ३८४ छापलेला असतो. तो जवळच्या पूर्णांकाला आणल्यामुळे आलेला असतो, त्यावर वाद घालू नये.

कॉलेज लहान आहे, त्याचा फायदा घ्या

वरच्या गणितात १८०० कुठेच आलं नाही हे लक्षात आलं असेल. हे सूत्र लोकसंख्या प्रचंड मोठी आहे असं धरून चालतं. १८०० मुलांतून ३८५ घेतली तर पाचातल्या एकाहून जास्त मुलांना आपण गाठलेलंच आहे, त्यामुळे अनिश्चितता तेवढी उरत नाही. त्याची दुरुस्ती अशी करतात:

```
n = n0 / (1 + (n0 − 1) / N)
  = 384.16 / (1 + 383.16 / 1800)
  = 316.74
```

म्हणजे ३१७. इथे N म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा ती सगळी मंडळी, आपल्याकडे १८००. पहिल्या पायरीचं उत्तर मध्येच ३८५ करून पुढे नेलं तर ३१८ येतं. फरक एकाचा आहे, पण तपासणाऱ्याला तेवढ्यावरून शंका येते. म्हणून पूर्णांक फक्त शेवटी करायचा.

या दुरुस्तीचा जोर लोकसंख्या लहान असेल तितका जास्त. २०० जणांसाठी १३२ लागतात, ५०० साठी २१८, १०,००० साठी ३७०, आणि १ लाखासाठी ३८३. दहा हजारांवरून एक लाखावर गेलो तरी फक्त तेरा माणसं वाढली. 'लोकसंख्येच्या दहा टक्के घ्या' हा जो सल्ला तोंडोतोंडी चालतो तो इथेच कोसळतो. दोनशे जणांतले दहा टक्के म्हणजे वीस, त्यातून काहीच हाती लागत नाही. आणि एक लाखाचे दहा टक्के म्हणजे दहा हजार फॉर्म, त्यांतले बहुतेक वाया गेलेले कष्ट.

हे सगळं स्प्रेडशीटमध्ये एकदा मांडून ठेवलं की मार्जिन बदलून काय होतं ते लगेच बघता येतं. B1 मध्ये N, B2 मध्ये z, B3 मध्ये p, B4 मध्ये e भरा, आणि मग:

```
B5: =B2^2*B3*(1-B3)/B4^2
B6: =ROUNDUP(B5/(1+(B5-1)/B1),0)
```

B6 मध्ये उत्तर १ आलं तर घाबरू नका. तुम्ही B4 मध्ये ०.०५ ऐवजी नुसता ५ टाकलाय.

आता आकडे हलवून बघू. मार्जिन ५ वरून ३ टक्क्यांवर आणलं तर १८०० मुलांतली ६७१ लागतील. मार्जिन ५ ठेवून कॉन्फिडन्स ९९ केला तर ४८६, ९० केला तर २३६. मार्जिनचा वर्ग छेदात असल्यामुळे ते जरा घट्ट केलं की सॅम्पल झपाट्याने फुगतं. मोठ्या लोकसंख्येत तर मार्जिन निम्मं करायचं म्हणजे चौपट माणसं. एका सत्राच्या प्रोजेक्टला ९५ आणि ५ हे बहुतेक वेळा पुरतं, आणि ते का पुरतं हे प्रश्नावरून सांगता यायला हवं. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवावं का, एवढंच ठरवायचं असेल तर ५८ आणि ६१ यांत काही बिघडत नाही.

काही मार्गदर्शक यामाने यांचं सूत्र वापरायला सांगतात, n = N / (1 + N × e²). आपल्या उदाहरणात ते ३२८ देतं. ते चुकीचं नाही, फक्त त्यात z म्हणून १.९६ च्या जागी २ आणि p म्हणून ०.५ आधीच बसवून टाकलेलं आहे. म्हणजे हे सूत्र ९५ टक्के कॉन्फिडन्सपुरतंच आहे. त्यात e च्या जागी ०.०१ टाकून 'मी ९९ टक्के कॉन्फिडन्स घेतला' असं लिहिणारे १५२६ विद्यार्थी शोधत हिंडतात. त्यांनी कॉन्फिडन्स बदललेला नसतो, मार्जिन एक टक्क्यावर आणलेलं असतं. वर सांगितलेली गल्लतच वेगळ्या कपड्यांत.

३१७ कशाचे: पाठवलेल्या फॉर्मचे की भरून आलेल्या?

भरून आलेल्या. सगळे उत्तर देत नाहीत, म्हणून जास्त मुलांना विचारावं लागतं. आधी वीस-तीस जणांवर प्रश्नावली चाचपून बघा, त्यातून प्रतिसादाचा अंदाज येतो. समजा शंभरातली साठ मुलं उत्तर देतील असं वाटलं, तर ३१७ ला ०.६ ने भागायचं: ५२८.३, म्हणजे ५२९ मुलांना निवडायचं. ३१७ मध्ये चाळीस टक्के मिळवले तर ४४४ येतात आणि शेवटी फॉर्म कमी पडतात. इथे भागाकारच हवा.

ही ५२९ मुलं सूत्राला चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी हवी आहेत, म्हणजे अठराशेंपैकी प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी. पटावरची यादी स्प्रेडशीटमध्ये घ्या, शेजारच्या रकान्यात `=RAND()` लिहा, तो रकाना कॉपी करून फक्त किमती म्हणून परत चिकटवा, मग त्यावर यादी क्रमाने लावा आणि वरची ५२९ नावं उचला. किमती म्हणून चिकटवायला विसरलात तर शीटमध्ये काहीही टाइप केलं की आकडे पुन्हा बदलतात, आणि काल निवडलेली यादी आज सापडत नाही.

इथेच बहुतेक प्रोजेक्ट घसरतात. फॉर्मची लिंक मित्रांच्या ग्रुपवर टाकायची, ३१७ उत्तरं जमली की लिंक बंद करायची, आणि रिपोर्टमध्ये ५ टक्के मार्जिन लिहायचं. गणित बरोबर असतं, आकडाही गाठलेला असतो, तरी ते मार्जिन त्या उत्तरांना लागू होत नाही. ग्रुपवर लगेच फॉर्म भरणारी मुलं आणि ग्रंथालयात जाणारी मुलं यांच्यात काही संबंध असेल तर आपला आकडा एकाच दिशेला झुकतो, आणि आणखी हजार फॉर्म आले तरी तो झुकलेलाच राहतो. मार्जिन ऑफ एरर निवडीतला नशिबाचा भाग मोजतं, झुकाव मोजत नाही. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे २४ लाख उत्तरपत्रिका मिळवून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असं भाकीत केलं होतं. रूझवेल्ट दणदणीत जिंकले.

मित्रांकडूनच फॉर्म भरून घ्यावे लागणार असतील तर तसं स्पष्ट लिहा आणि मार्जिन देऊ नका. यादीतून निवड केली असेल तर ३१७ फॉर्म पहिल्याच दिवशी आले तरी थांबू नका. उरलेल्यांना दोनदा आठवण करा. उशिरा उत्तर देणाऱ्यांचं 'हो'चं प्रमाण आधीच्यांपेक्षा बरंच वेगळं निघालं, तर न आलेल्यांचंही वेगळं असावं अशी शंका घ्यायला जागा आहे.

सरळ वर्गच्या वर्ग उचलून प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेणं सोयीचं असतं, पण एका वर्गातली मुलं बऱ्याच बाबतीत एकमेकांसारखी असतात. एकाच प्राध्यापकांनी सगळ्या वर्गाला ग्रंथालयात बसायला लावलेलं असू शकतं. अशा चाळीस मुलांकडून चाळीस मुलांइतकी माहिती मिळत नाही. त्यामुळे वर्ग निवडले तर ३१७ पुरत नाहीत, दुप्पट-तिप्पटही लागू शकतात.

वर्षांनुसार तुलना करायची असेल तर

ही इच्छा नेहमी आकडा काढून झाल्यावर होते. 'पहिल्या वर्षाची मुलं शेवटच्या वर्षापेक्षा ग्रंथालय जास्त वापरतात का?' तिन्ही वर्षांत सहाशे-सहाशे मुलं आहेत असं धरू. ३१७ उत्तरांपैकी एका वर्षाच्या वाट्याला साधारण १०५ येतील, आणि १०५ उत्तरांवर त्या वर्षाचं मार्जिन जवळजवळ ९ टक्के होतं. पहिल्या वर्षाचे ६२ टक्के आणि शेवटच्या वर्षाचे ५४ टक्के आले, तर दोन्ही पट्टे एकमेकांत चांगलेच शिरलेले असतील आणि एवढ्या फरकावरून ठाम काही बोलता येणार नाही.

प्रत्येक वर्षासाठी स्वतंत्रपणे ५ टक्के मार्जिन हवं असेल तर N ६०० धरून गणित तीनदा करायचं. प्रत्येकी २३५, एकूण ७०५. हे झेपणार नसेल तर तुलना उद्दिष्टांतून काढून टाकलेली बरी. ठेवायचीच असेल तर ८-९ टक्क्यांचं मार्जिन मान्य करून, ते लिहून ठेवा.

फॉर्म जमल्यावर पुन्हा एकदा

समजा दोन आठवडे पाठपुरावा करूनही २९० च फॉर्म आले आणि त्यांत १६८ 'हो' निघाले, म्हणजे ५७.९ टक्के. आता आधी ठरवलेलं ५ टक्के छापायचं नाही. p आणि n यांच्या खऱ्या किमती टाकून मार्जिन नव्याने काढायचं:

```
e = z × √( p(1 − p) / n ) × √( (N − n) / (N − 1) )
  = 1.96 × √(0.579 × 0.421 / 290) × √(1510 / 1799)
  = 0.052
```

सत्तावीस फॉर्म कमी पडूनही मार्जिन ५ वरून फक्त ५.२ टक्के झालं. त्यामुळे कमी पडलेले फॉर्म वर्गमित्रांकडून घाईघाईने भरून घेण्याचा मोह आवरा. त्या सत्तावीस फॉर्मांनी मार्जिन जेमतेम पाव टक्क्याने सुधारेल आणि निवड बिघडेल. जास्त काळजी वेगळ्या गोष्टीची करायला हवी: ५२९ पैकी २३९ जणांनी उत्तर दिलंच नाही, आणि त्यांच्याबद्दल सूत्र काहीच सांगत नाही.

रिपोर्टमध्ये हे साधारण असं उतरतं: 'कॉलेजच्या पटावरील १८०० विद्यार्थ्यांमधून, ९५ टक्के कॉन्फिडन्स लेव्हल, ५ टक्के मार्जिन ऑफ एरर आणि p = ०.५ धरून कॉक्रनच्या सूत्राने व मर्यादित लोकसंख्येच्या दुरुस्तीने ३१७ ही सॅम्पल साइज काढली. ६० टक्के प्रतिसाद गृहीत धरून ५२९ विद्यार्थी यादृच्छिक पद्धतीने निवडले. २९० जणांनी प्रतिसाद दिला (५४.८ टक्के). ग्रंथालय वापरणाऱ्यांचं प्रमाण ५७.९ टक्के आढळलं. ९५ टक्के कॉन्फिडन्सने ते ५२.७ ते ६३.१ टक्क्यांच्या दरम्यान आहे. प्रतिसाद न देणाऱ्यांचा ग्रंथालय-वापर वेगळा असण्याची शक्यता तपासता आलेली नाही.'

शेवटचं वाक्य गाळायला सांगणारं कोणीतरी भेटतंच. गाळू नका, व्हायव्हातला पुढचा प्रश्न त्यावरच असतो.